धागा: रिले बोर्डला जोडलेल्या वायफाय मॉड्यूलच्या यूएसबीला झिणझिण्या येतात

निशिकांत_०४

नमस्कार मंडळी. बाथरूमचा एक्झॉस्ट, तिथला दिवा आणि बाहेरच्या पॅसेजचा दिवा असे तीन पॉइंट मोबाइलवरून चालवायचे म्हणून दोन महिन्यांपूर्वी एक जोडणी केली. ईएसपी८२६६ चं मॉड्यूल, निळ्या रिलेंचा चार चॅनेलचा बोर्ड आणि दोघांना मिळून एकच ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर. सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात बसवून बाथरूमच्या दाराबाहेर स्विचबोर्डच्या वर लावलंय. प्रोग्रॅम बदलायला सोपं जावं म्हणून यूएसबीची छोटी केबल डब्याबाहेर काढून ठेवली आहे.

दोन तक्रारी आहेत. एक्झॉस्ट बंद करताना कधीकधी मॉड्यूल रिसेट होतं, मग सगळे रिले एकदा खटकन वाजतात. दुसरी गोष्ट काल घडली. आंघोळ करून बाहेर आलो, पाय ओले होते, आणि त्या यूएसबी केबलच्या धातूच्या टोकाला हात लागला तर बोटांना झिणझिण्या आल्या. जोराचा शॉक नव्हता, पण नक्की काहीतरी होतं. मल्टिमीटर लावून मॉड्यूलचा ग्राउंड आणि सॉकेटची अर्थ पिन यांच्यामध्ये एसी मोजलं तर २१४ व्होल्ट दिसले.

रिले बोर्डवर ऑप्टोकपलर आहेत. मग हे व्होल्ट इकडे आले कुठून?

अभि_सर्किट

घाबरू नका. कुठल्याही दोन पिनांच्या चार्जरचं हे असंच असतं. आत फेजकडच्या आणि ५ व्होल्टच्या बाजूंमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट येतो. मीटरला जवळजवळ काहीच करंट लागत नाही, म्हणून तो भलताच आकडा दाखवतो. माझ्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगालाही अशा मुंग्या येतात. बोर्डवर ऑप्टो आहेत म्हणजे मेन्सचा तुमच्या मॉड्यूलशी संबंधच उरत नाही, तो भाग निर्धोक समजा. रिसेटसाठी ५ व्होल्टवर एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

मृणाल_टी

माझ्याकडेही असाच बोर्ड आहे आणि मॉड्यूल सारखं राउटरपासून तुटतं. डबा धातूचा आहे म्हणून असेल का? निशिकांत, तुमचा प्लास्टिकचा आहे तरी रिसेट होतंय, म्हणजे माझंही कारण वेगळंच असणार.

रोहिणी_दुरुस्ती

निशिकांत, आधी ती यूएसबी केबल आत घ्या आणि उत्तर सापडेपर्यंत डब्याला हात लावू नका. बाकी सावकाश बघू.

अभि म्हणतात तो कपॅसिटर खरा आहे. पण त्याच्यामुळे दिसणारा आकडा बहुतेक वेळा मेन्सच्या अर्ध्याच्या आसपास असतो, ९० ते १२० वगैरे. २१४ म्हणजे जवळजवळ पूर्ण फेज. एवढ्यावरून मी ठाम काही म्हणणार नाही, पण मला ते खटकलं.

खरं व्होल्टेज आणि नुसता भास वेगळे करायची एक साधी पद्धत आहे. अर्धा वॅटचे ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडा, म्हणजे ९४ किलोओहम झाले. ही जोडी मॉड्यूलचा ग्राउंड आणि अर्थ यांच्यामध्ये लावा आणि मीटर त्या जोडीच्या दोन टोकांवर ठेवा. चार्जरच्या कपॅसिटरमधून येतो तो करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, तो ९४ किलोओहमवर पाच-सात व्होल्टसुद्धा उभे करू शकत नाही, आकडा धाडकन खाली येईल. खरोखर कुठे फेज टेकत असेल तर आकडा टिकून राहील. दोन रेझिस्टर अशासाठी, की पूर्ण २३० आले तरी प्रत्येकावर पाव वॅटच्या जरा वर उष्णता होते आणि तो जळत नाही.

मेन स्विच बंद करून मगरक्लिपा लावा, मग चालू करा, आकडा लांबून वाचा. मीटरचे प्रोब हातात धरून हे करू नका.

आप्पा_वायरमन

बाळा, मी तीस वर्षं वायरिंग करतोय, तुमचं इलेक्ट्रॉनिक्स मला कळत नाही. पण एक विचारतो. रिलेमध्ये फेज तोडलाय की न्यूट्रल? बरेच जण न्यूट्रल तोडतात आणि मग पंखा बंद असला तरी त्याच्या वाइंडिंगवर फेज बसून राहतो. आणि घराला आरसीसीबी आहे का? असेल तर एवढी काळजी कशाला?

निशिकांत_०४

आप्पा, फेजच तोडलाय. तिन्ही रिलेंच्या कॉमन टोकाला फेज कायम आहे, एनओ टोकावरून पॉइंटला जातो. आरसीसीबी आहे, ३० मिलिअँपिअरचा. तो एकदाही पडलेला नाही.

रोहिणीताई, सांगितलं तसं मोजलं. रेझिस्टर लावल्यावर ६१ व्होल्ट. सकाळी आंघोळीनंतर लगेच मोजलं होतं. दुपारी पुन्हा मोजलं तेव्हा २२ निघाले. आता याचा अर्थ काय लावायचा? भास असता तर पाचच्या खाली यायला हवा होता ना?

रोहिणी_दुरुस्ती

हो. हा भास नाही.

गणित करू. ६१ व्होल्ट ९४ किलोओहमवर म्हणजे ०.६५ मिलिअँपिअर. उरलेले १६९ व्होल्ट गळतीच्या वाटेवर पडतात, म्हणून ती वाट साधारण २६० किलोओहमची आहे. दुपारच्या आकड्यावरून तीच वाट ८९० किलोओहमच्या आसपास येते. थेट टेकलेली तार असती तर मीटरने सरळ २३० दाखवले असते आणि सकाळ-दुपार असा फरकही पडला नसता. ओलाव्याबरोबर बदलणारी वाट म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर ओल धरणारी घाण आहे.

तुमचा हात लागला तेव्हा सुमारे ०.९ मिलिअँपिअर गेला असेल. अर्ध्या मिलिअँपिअरच्या पुढे बहुतेकांना जाणवायला लागतं, म्हणून झिणझिण्या. आप्पा, आरसीसीबी याच कारणाने पडला नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एकाला गप्पच राहणार. जीव वाचवण्यासाठी तो हवाच, पण ही गळती तो दाखवणार नाही.

आता वाट कुठे आहे ते शोधा. मेन बंद करा, तिन्ही कॉमन टोकांमधली फेजची वायर काढून टोकं नीट झाका, चार्जर तसाच ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा कोसळला तर गळती रिले बोर्डवर आहे. तसाच राहिला तर चार्जर दोषी.

सोनचाफा

माझ्या ओळखीच्या एका घरी भिंतीत बसणारं तयार मॉड्यूल होतं, त्यात ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला निघाला. त्याला यूएसबीने लॅपटॉप लावला आणि लॅपटॉपचं पोर्ट गेलं. माणूस वाचला. तेव्हापासून मी असल्या वस्तू चालू मेन्सवर असताना प्रोग्रॅम करत नाही. निशिकांत, तुम्ही लॅपटॉप लावला होता का हो?

निशिकांत_०४

लावला होता, बॅटरीवर चालू असताना. आता लावणार नाही.

फेज काढून मोजलं. रेझिस्टरशिवाय ९८, रेझिस्टर लावून ४. म्हणजे चार्जर सुटला, अभिंनी सांगितलेला भास तो एवढाच. मग एकेक कॉमन परत जोडत गेलो. दोन दिव्यांचे जोडले तरी ४ च. एक्झॉस्टचा जोडला आणि ४३.

हा रिले मी मध्ये दुरुस्त केला होता. स्क्रूचं टर्मिनल ढिलं झालं होतं, ते काढून दुसरं बसवलं. टाका नीट धरत नव्हता म्हणून डबीतली सोल्डरिंग पेस्ट भरपूर लावली. आता भिंग घेऊन बघतो तर कॉमनच्या टाक्यापासून शेजारच्या पिनेपर्यंत तपकिरी चिकट थर आहे. नखाने उकरला तर वर येतो. म्हणजे याच्यातून?

रोहिणी_दुरुस्ती

याच्यातूनच. शेजारची ती पिन रिलेच्या कॉइलची आहे.

तो निळा रिले बोर्डवर उलटा करून नीट पाहा. कॉइलच्या दोन पिनांच्या बरोबर मधोमध कॉमन येतं. म्हणजे २३० व्होल्टचा फेज दोन्ही बाजूंनी ५ व्होल्टच्या पिनांमध्ये अडकलेला असतो. पिनांच्या केंद्रांमध्ये सहा मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, पण टाक्यांची वर्तुळं धरली की मोकळं अंतर बरंच कमी राहतं. म्हणूनच चांगल्या बोर्डवर कॉमनच्या भोवती पीसीबीला आरपार खाच कापलेली असते. खाच असली की घाणीला आणि ओलीला सरळ वाटच मिळत नाही. तुमच्या बोर्डवर ती आहे का?

डबीतली पेस्ट बहुधा पत्रे आणि नळ्या जोडण्यासाठीची असते. तिच्यातली आम्लं आणि क्षार ओलावा ओढून घेतात आणि वीज वाहू देतात. कोरड्या हवेत काही कळत नाही, वाफ आली की ती जागी होते. मेन्सच्या बोर्डवर ती कधीच वापरू नये. स्पिरिटने पुसून वरचा थर जाईल, पण पीसीबीत मुरलेलं निघत नाही. शिवाय मिलिअँपिअरचा करंट तिथून सतत वाहत राहिला तर हळूहळू कोळशाची रेघ तयार होते, आणि तिचा रोध पुन्हा वाढत नाही. हा बोर्ड बाद करा.

निशिकांत_०४

खाच नाही. चारही रिलेंना नाही. बोर्ड बाजूला काढला.

पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. कॉइलवर फेज आला हे कळलं. कॉइल आणि मॉड्यूल यांच्यामध्ये तर ऑप्टो आहे. तो कपॅसिटरसारखा काही गळत नाही ना?

अभि_सर्किट

मलाही हेच विचारायचंय. पीसी८१७ पाच हजार व्होल्ट सहन करतो. २३० ला तो अडवणारच.

रोहिणी_दुरुस्ती

अडवतो, आणि त्याने इथेही अडवलंच. फेज त्याच्या बाजूने वळसा घालून आला. बोर्डच्या कडेला तीन पिनांवर एक छोटा जंपर असतो, तो जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी एकत्र करतो. जेडी-व्हीसीसी म्हणजे कॉइलचे ५ व्होल्ट, व्हीसीसी म्हणजे ऑप्टोच्या दिव्याचे. जंपर बसवला की दोन्ही बाजू एकाच तारेवर येतात, मग ऑप्टोचे पाच हजार व्होल्ट कुणाच्याही उपयोगाचे राहत नाहीत.

आणि इथे जंपर काढणारेही चुकतात. इनपुटच्या रांगेत ग्राउंडची जी पिन आहे ती ऑप्टोची नाही, कॉइलच्या बाजूची आहे. जंपर काढला, कॉइलला वेगळा चार्जर दिला, पण मॉड्यूलचा ग्राउंड सवयीने त्या पिनेला जोडला की दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या. खरं वेगळेपण हवं असेल तर मॉड्यूलकडून बोर्डकडे फक्त व्हीसीसी आणि इनपुटच्या तारा जायला हव्यात, ग्राउंड नाही. कॉइलचा चार्जर वेगळा, त्याचा ग्राउंडही वेगळा. मीटर ओहमवर ठेवून, सगळं बंद असताना, दोन्ही ग्राउंडमध्ये मोजा. शून्याजवळ किंवा किलोओहममध्ये काही दिसलं तर कुठेतरी तार राहिली आहे.

असं असतं तर तुमची गळती कॉइलच्या बाजूलाच थांबली असती आणि यूएसबीपर्यंत आली नसती. एक मात्र ध्यानात ठेवा. मेन्सला पहिला अडसर रिलेच्या आतली कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामधली फट आणि खालचं पीसीबी हाच असतो. या रिलेच्या डेटाशीटमध्ये त्या फटीसाठी एका मिनिटाची १५०० व्होल्टची चाचणी लिहिलेली असते. ऑप्टो तिच्या मागे उभा असतो. पहिला अडसर मोडका ठेवून दुसऱ्यावर भिस्त टाकू नका.

अभि_सर्किट

ग्राउंडच्या पिनेचं मला खरंच माहीत नव्हतं. मी आत्ताच माझा बोर्ड मोजला, ती पिन ट्रान्झिस्टरच्या एमिटरकडे जाते. दोन वर्षं मी जंपर काढून, ग्राउंड जोडून निश्चिंत बसलो होतो. मी वर जे निर्धोक समजा म्हटलं ते मागे घेतो.

निशिकांत_०४

नवा बोर्ड आणला, दोन चॅनेलचे दोन. प्रत्येक कॉमनच्या भोवती खाच आहे, भिंगातून पाहूनच घेतले. जंपर काढले, कॉइलला दुसरा चार्जर, ग्राउंड जोडला नाही. व्हीसीसीला मॉड्यूलचे ३.३ व्होल्ट दिले. आता दोन रिले चालतात, तिसऱ्याचा लाल दिवा मंद लागतो आणि रिले ओढतच नाही. कशामुळे?

रोहिणी_दुरुस्ती

लाल दिवा आणि ऑप्टोचा आतला दिवा एकामागे एक आहेत. दोघांना मिळून तीन व्होल्ट लागतात. ३.३ मधून तीन गेले तर हजार ओहमच्या रेझिस्टरसाठी ०.३ व्होल्ट उरले, म्हणजे ०.३ मिलिअँपिअर. एखादा ऑप्टो एवढ्यावर चालतो, एखादा नाही. व्हीसीसीला मॉड्यूलच्याच चार्जरचे ५ व्होल्ट द्या, कॉइलच्या चार्जरचे नाही. पिन बंद स्थितीत ३.३ वर असते तेव्हा उरलेल्या १.७ व्होल्टमध्ये ते दोन दिवे पेटू शकत नाहीत, त्यामुळे रिले बंद राहतो.

सोनचाफा

पण सुरू होताना मॉड्यूलची पिन काही क्षण कुठेच जोडलेली नसते. तेव्हा ५ व्होल्ट त्या दिव्यांमधून पिनेवर येतात. ती पिन ३.३ ची आहे. मला हे पटत नाही, मी मध्ये ट्रान्झिस्टर टाकते.

रोहिणी_दुरुस्ती

करंट नगण्य असतो आणि माझ्याकडे अशी जोडणी बरीच वर्षं चालली आहे, पण तुमचा ट्रान्झिस्टर जास्त चांगला हे मान्य. त्याने रिले चालवायची दिशा उलटी होते, तेवढा प्रोग्रॅममध्ये बदल करायचा.

निशिकांत, ट्रान्झिस्टर न टाकता थेट जोडणार असाल तर पिन आउटपुट करायच्या आधी तिची किंमत हाय करून ठेवा, नाहीतर चालू होताच रिले एकदा ओढतो:

```
digitalWrite(D1, HIGH);
pinMode(D1, OUTPUT);
```

आणि पिन डी१, डी२, डी५, डी६, डी७ यांतल्याच निवडा. डी३, डी४ आणि डी८ या सुरू होतानाच्या अवस्थेशी बांधलेल्या आहेत, त्यांना रिले लावला तर मॉड्यूल कधीकधी सुरूच होत नाही.

आप्पा_वायरमन

एक माझ्याकडून. डब्यात फेजच्या वायरींना आणि बारीक तारांना वेगवेगळी बाजू द्या, मध्ये प्लास्टिकची पट्टी उभी करा. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला फेरूल दाबा, नाहीतर एखादा केस सुटतो आणि टर्मिनलबाहेर उभा राहतो. आणि फेजची वायर टर्मिनलमधून सुटलीच तर ती कुठवर पोचते ते हाताने ओढून बघा. बारीक तारांपर्यंत पोचत असेल तर तिला आधी टायने बांधा.

पण मला एक सांगा, त्या ५ व्होल्टचा ग्राउंड सरळ अर्थिंगला का जोडत नाही? मग हात लावला तरी काही लागणार नाही.

रोहिणी_दुरुस्ती

यावर माझं मत अजून पक्कं नाही, आप्पा. अर्थ चांगला असेल तर जोडल्याने मोठ्या बिघाडात आरसीसीबी पडेल आणि यूएसबीवर व्होल्टेज उभंच राहणार नाही. पण अर्थची वायर मागे कुठे तुटलेली असेल तर त्याच अर्थवर असलेल्या बाकी उपकरणांची गळती या यूएसबीवर येऊन बसते. निशिकांतच्या घरी अर्थ मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आप्पा_वायरमन

अर्थ तुटलेला असेल तर तो आधी दुरुस्त करायचा. तेच मी म्हणतोय. तुम्ही न जोडून त्या तुटक्या अर्थला सांभाळून घेताय.

मृणाल_टी

आणि एक्झॉस्ट बंद करताना होणाऱ्या रिसेटचं काय झालं? माझंही बहुतेक तेच आहे, आता लक्षात आलं. पंप बंद झाला की मॉड्यूल राउटरपासून तुटतं, एरवी नाही.

निशिकांत_०४

तेच सांगायला आलो. ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड लावून फारसा फरक पडला नव्हता. मग एक्झॉस्टच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचं स्नबर लावलं, कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा. आधी मी ते रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावणार होतो, रोहिणीताईंनी व्यक्तिगत निरोपात अडवलं. कॉन्टॅक्टवर लावलं तर रिले बंद असतानाही त्या कपॅसिटरमधून सात मिलिअँपिअर वाहत राहतो, आणि बंद समजून पंख्याला हात घालणाऱ्याला तो लागतो.

आता एक्झॉस्ट चाळीस वेळा चालू-बंद केला, दोनदाच रिसेट झालं. आधी दर चार-पाच वेळांत एकदा व्हायचं.

यूएसबी डब्याच्या आत घेतली आहे, प्रोग्रॅम वायफायवरूनच टाकतो. ९४ किलोओहम लावून आज आंघोळीनंतर मोजलं, ३ व्होल्ट.

रोहिणी_दुरुस्ती

दोनदा म्हणजे वाट अजून कुठेतरी आहे. एक्झॉस्टची वायर आणि मॉड्यूलच्या तारा डब्याबाहेर एकाच पट्टीतून जातात का? जात असतील तर फोटो टाका. वाफेच्या दिवसांत तो ३ चा आकडा आठवड्याला एकदा मोजून इथे लिहा.

निशिकांत_०४

पट्टी एकच आहे. रविवारी वेगळी करतो, मग आकडे टाकतो.